संबंधितांनी लवकरात लवकर

आमच्या सोसायटीचं इतिवृत्ताचं रजिस्टर मी एकदा पहिल्या पानापासून वाचलं आहे. आमच्या चोवीस फ्लॅटांमध्ये असं करणारा मी एकटाच असेन. सक्करदऱ्याच्या तलावापासून चार गल्ल्या आत आमची इमारत आहे, आणि तिथे लोक सभेला येतात ते पोह्यांसाठी. रजिस्टर वाचायला येत नाहीत.

मी एका गोदामात साठा मोजण्याचं काम करतो. कागदावर तीनशे वीस खोकी असतील तर रॅकवर तीनशे वीस दिसली पाहिजेत, एवढंच माझं काम. ही सवय घरी येताना दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. त्यामुळे सोसायटीच्या कमिटीवर सात जणांत माझं नाव आलं तेव्हा बायकोनं आधीच सांगून ठेवलं, "अहो, तिथं मोजायला बसू नका. तिथं मोजण्यासारखं काही होत नसते."

तिचं बरोबर होतं. पण त्या वर्षी एक गोष्ट मोजावीच लागली.

दुसऱ्या मजल्यावर एक सर राहतात. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मार्च महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणंही अडखळू लागलं. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आले ते चाकाच्या खुर्चीवर. डॉक्टरांनी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, स्पष्ट सांगितलं होतं की पहिले सहा महिने महत्त्वाचे. हात-पाय जेवढे परत यायचे ते बहुतेक याच काळात येतात. धरमपेठेतल्या फिजिओथेरपीच्या सेंटरला मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता न चुकता आणा. तिथली यंत्रं घरी आणता येत नाहीत.

अडचण पाच पायऱ्यांची होती. पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी चढतं म्हणून बिल्डरनं लिफ्टची जागा पार्किंगपेक्षा पाच पायऱ्या उंच बांधली आहे. दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टनं खाली यायला एक मिनिट लागत नाही. पण लिफ्टच्या दारापासून रिक्षापर्यंत पोचायला खुर्ची उचलणारी चार माणसं लागतात. आमचा चौकीदार, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, आणि आणखी दोघं जे सापडतील ते. मंगळवारी अकराला माणसं सापडत नाहीत. मी साडेनऊलाच गोदामात गेलेला असतो. माणसं सापडली नाहीत की काकू रिक्षावाल्याला परत पाठवायच्या आणि लिफ्टचं बटण दाबायच्या.

तेव्हा रॅम्प हवा होता. एवढीच मागणी होती आणि ती कुणालाही समजण्यासारखी होती.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी कमिटीची सभा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून झाली. मी विषय मांडला. सगळ्यांचे चेहरे एकदम हळवे झाले. कोषाध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. आमचे अध्यक्ष काटोलकडचे, तिकडे त्यांची संत्र्याची बाग आहे, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. ते म्हणाले, "सरांसाठी नाही करायचं तं कोणासाठी करायचं जी? हे तं झालंच पाहिजे."

निधी पडून होता, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नव्हता. विरोध कुणाचाच नव्हता. सचिवांनी तिथल्या तिथे, सुंदर अक्षरात, लिहिलं:

"दुसऱ्या मजल्यावरील आजारी सभासदांच्या सोयीसाठी प्रवेशाजवळ रॅम्प बांधण्यात यावा असे सर्वानुमते ठरले. त्याकरिता जागा निश्चित करून ठेकेदारांकडून दरपत्रके मागविण्यात यावीत. संबंधितांनी लवकरात लवकर कार्यवाही करावी."

टाळ्या वाजल्या. मग पोहे आले.

पोह्यांचं इथे सांगून टाकतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. सभेच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठरतं: तर्री-पोहे, तीस प्लेट, कोषाध्यक्ष आणणार, साडेदहाला. आणि ते साडेदहाला येतात. माझ्या माहितीत आमच्या सोसायटीनं ठरवलेलं, कुणी करायचं आणि कधी करायचं हे दोन्ही सांगितलेलं एवढंच एक काम आहे. तेच एक काम दर वेळी होतं. यावरून काही धडा घ्यावा असं सात जणांतल्या एकालाही कधी वाटलं नाही.

मे महिन्यात पुन्हा सभा भरली. सचिवांनी मागील इतिवृत्त वाचलं, आणि ते कायम करण्यात आलं. कायम होताना रॅम्पचं वाक्यही कायम झालं आणि पुढचा विषय सुरू झाला. मी हात वर करून विचारलं, "रॅम्पचं पुढे काय झालं?"

"चालू हाय ना," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे नेमकं काय चालू आहे?"

अध्यक्षांनी कोषाध्यक्षांकडे पाहिलं. कोषाध्यक्षांनी अध्यक्षांकडे पाहिलं. तेव्हा कळलं की ठेकेदार अध्यक्षांच्या ओळखीचा होता, म्हणून कोषाध्यक्षांनी महिनाभर धरून चाललं होतं की फोन अध्यक्ष करतील. आणि खर्चाचं काम कोषाध्यक्षांचं, म्हणून अध्यक्षांनी धरून चाललं होतं की फोन ते करतील. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नव्हतं, कारण विचारणं बरं दिसलं नसतं. एका महिन्यात एक फोन झाला नव्हता. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान होतं, आणि त्या महिन्यात नऊपैकी सहा वेळा काकूंनी रिक्षा परत पाठवली होती. हे मला माहीत होतं, कारण मी त्याची नोंद ठेवायला लागलो होतो. गोदामाच्या डायरीच्या मागच्या पानावर. गेले की बरोबरची खूण, राहिले की फुली.

त्या सभेतही भांडावं असं मला वाटलं नाही. एक तर मी भांडणाऱ्यांतला नाही. दुसरं म्हणजे ज्यांच्यासोबत एकाच लिफ्टनं वीस वर्षं वर-खाली करायचं त्यांना चारचौघांत "तुम्ही केलं नाही" म्हणायचं तर पुढची वीस वर्षं त्यांच्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं. म्हणून त्या संध्याकाळी ग्रुपवर मी जमेल तितका सौम्य निरोप लिहिला:

"नमस्कार. सरांच्या रॅम्पचं काम पुढे कसं न्यायचं हे समजून घ्यायचं होतं. माझ्या मते तीन कामं आहेत. एक, जागा ठरवणं. दोन, ठेकेदाराला बोलावणं. तीन, काम सुरू झाल्यावर देखरेख. ज्यांना जे जमेल त्यांनी त्यापुढे आपलं नाव आणि तारीख लिहावी. कुणाला अडचण असेल तर सांगावी, मी सोबत येईन."

या निरोपात कुणाच्या केसालाही धक्का नव्हता. उत्तरं आली. अकरा जणांनी हात जोडले. चौघांनी अंगठा दाखवला. पहिल्या मजल्यावरच्या एकांनी लिहिलं, "स्तुत्य उपक्रम." एकांनी त्याखाली सुप्रभातचं चित्र टाकलं, संध्याकाळी सात वाजता. नाव आणि तारीख कुणीच लिहिली नाही.

माझी बायको माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "हात जोडले म्हणजे काय? माफ करा, पुढे जा?"

"होकार आहे तो."

"मंदिराबाहेर बसलेल्याला आपण तसेच हात जोडतो. द्यायचं नसलं की."

जूनमध्ये मी सचिवांना गाठलं. ते चौतीस वर्षं सरकारी कचेरीत होते, टेबलावर टेबल बदलत निवृत्त झाले. माणूस वाईट नाही. रजिस्टरला खाकी कव्हर, त्यावर पांढरी पट्टी, पानांना लाल शाईचे आकडे. मी म्हटलं, "भाऊ, ठरावासमोर एक नाव लिहिलं तर काम सोपं होईल. तुमच्यावर काही नाही, पद्धत म्हणून सांगतो."

त्यांनी माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

"असं आहे," ते म्हणाले, "इतिवृत्तात नाव लिहीत नसतात. निर्णय सभेचा असतो, व्यक्तीचा नसतो. उद्या काम नाही झालं तर ज्याचं नाव लिहिलं तो अडचणीत येईल. मी अख्ख्या नोकरीत एकाही माणसाला अडचणीत आणलं नाही."

"आणि कामं?"

"कामं होत राहतात."

"तारीख तरी?"

"तारीख लिहिली की ती टळते. मग टळली म्हणून लिहावं लागतं. कशाला?"

ते थट्टा करत नव्हते. ही त्यांची विद्या होती, चौतीस वर्षं घोटलेली. नाव नसलेला ठराव कुणावर उलटत नाही आणि तारीख नसलेला ठराव कधीच उशिरा होत नाही. त्यांनी विश्वासानं मला रजिस्टर दोन दिवसांसाठी घरी दिलं, आणि तेव्हाच मी ते वाचलं. मागच्या बारा सभा मोजल्या. ठराव सत्तावन्न. समोर नाव असलेले शून्य. तारीख असलेले शून्य. "संबंधितांनी" हा शब्द चौतीस वेळा, "लवकरात लवकर" एकोणतीस वेळा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण बदलायचं सलग पाच सभांमध्ये ठरलं होतं. पाचव्या वेळी वाक्य तेच होतं, फक्त अक्षर आणखी सुबक झालं होतं.

मी हे आकडे कुणाला दाखवले नाहीत. दाखवले असते तर दोष दिल्यासारखं झालं असतं. आज वाटतं, दाखवायला हवे होते.

त्याच आठवड्यात मी टेप घेऊन खाली उतरलो. एक पायरी सहा इंच, पाच पायऱ्या तीस इंच. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक असा उतार लागतो, म्हणजे तीस इंच उतरायला तीस फूट लांबी. सरळ तीस फूट जागा नाही, म्हणून पंधरा फूट जायचं, पाच फुटांच्या सपाट चौथऱ्यावर वळायचं, आणि शेजारून पंधरा फूट परत यायचं. एकूण वीस बाय नऊ. पायऱ्यांच्या डावीकडे अध्यक्षांच्या गाडीची जागा होती. नऊ बाय अठरा, आणि मागच्या कुंड्या हलवल्या की वीस. जणू मापून ठेवली होती. मी आराखडा काढला, एक प्रत घरी ठेवली आणि एक अध्यक्षांना दिली.

त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "एवढा मोठा? मी तं म्हणत होतो एक लाकडी फळी टाकून देऊ. आठ फुटांची."

"आठ फुटांत तीस इंच म्हणजे तीनास एक पडतो, भाऊ. त्यावरून गॅसचं सिलिंडर उतरवतात. माणूस नाही."

"आन् माही गाडी?"

"मागे भिंतीजवळ एक जागा रिकामी आहे."

"तिथं ऊन हाय ना जी. दिवसभर. मेच्या महिन्यात गाडीत बसू म्हटलं तं भाजून निघते माणूस." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी काहून टेन्शन घेऊन राहिले? पाहून घेऊ."

आराखड्याची चौघडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. तो शर्ट पुढे धुवायला गेला असणार.

जुलैच्या सभेआधी सचिव स्वतः आमच्या घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "एक विनंती आहे. रॅम्पचा विषय तीन सभांत आला. विषयपत्रिकेवर तोच तोच विषय दिसला की अध्यक्षांना टोचल्यासारखं होतं. तुम्ही व्यक्तिशः पाठपुरावा करता आहातच, तर या वेळी पत्रिकेत नको घेऊया."

आणि मी हो म्हटलं.

मला ते समजूतदारपणाचं वाटलं. कुणाला चारचौघांत टोचायचं नाही, वेगवेगळं गाठून गोडीनं बोलायचं. जुलै आणि ऑगस्टमध्ये मी हेच केलं. अध्यक्षांना आठवड्यातून एक फोन: "सहज विचारतोय." कोषाध्यक्षांना लिफ्टमध्ये: "तुमच्या सवडीनं." बाकीच्या तिघांना रविवारी सकाळी, दूध आणायच्या वेळी. सगळे भले बोलले. "हो ना," "करायचंच आहे," "सरांची तब्येत कशी आहे?" तब्येत कशी असणार? मंगळवार-शुक्रवार चुकतच होते. काकूंनी एकदा मला सांगितलं, "भाऊ, ते सेंटरवाली पोरगी म्हणते, काकू, तुमी सुट्ट्या लई घेता. मी तिले काय सांगू? सुट्टी पायऱ्या घेऊन राहिल्या म्हणू?"

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी वार्षिक सभा झाली. पार्किंगमध्येच, पण या वेळी माईक होता आणि चोवीसपैकी सतरा घरांतली माणसं होती. काकूही आल्या होत्या. मागच्या रांगेत टोकाला बसल्या, म्हणजे वर सरांनी घंटी वाजवली तर पटकन जाता यावं. सचिवांनी वर्षाचा अहवाल वाचला. पाण्याची मोटर, नवे दिवे, गणेशोत्सव. सहाव्या क्रमांकाला त्यांनी आवाज जरा चढवला:

"दुसऱ्या मजल्यावरील सभासदांसाठी रॅम्प बांधण्याचा विषय निकाली निघाला."

आणि टाळ्या वाजल्या. ज्या पाच पायऱ्या उतरून ते माईकपर्यंत आले होते त्या त्यांच्या पाठीमागे होत्या. सतरा घरांतली माणसं त्यांच्याकडे तोंड करून बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. मी आयुष्यात पुष्कळ चुकीचे साठे मोजले आहेत. रिकाम्या रॅकसमोर उभं राहून टाळ्या वाजवणारं गोदाम मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

काकू उभ्या राहिल्या. माईक मागितला नाही.

"झाला म्हणता?" त्या म्हणाल्या. "मंग मी शुक्रवारी चार माणसं कायले शोधून राहिली होती?"

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव गोंधळले नाहीत, त्यांच्याकडे रजिस्टर होतं. त्यांनी शांतपणे पान उघडलं. "सलग दोन सभांत विषय पत्रिकेवर आला नाही की तो निकाली धरतात. हीच पद्धत आहे. जुलैत आणि ऑगस्टमध्ये रॅम्पचा विषय आलेला नाही."

"काहून नाही आला?" काकूंनी विचारलं.

सचिवांनी नाव घेतलं नाही. ते नाव घेत नसतात. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उभा राहिलो. म्हटलं की विषय काढून घ्यायला मी हो म्हटलं होतं, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. हे म्हणताना मला कळलं की दोन महिने मी जे गोडीगुलाबीनं करत होतो त्याचा हिशेब कुठेच लागत नव्हता, आणि ज्या एका वहीत लागला असता तिथून मीच तो काढला होता. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "पाहा," ते म्हणाले, "भाऊंनीच तं विषय काढून घेतला. आमी तं कवाही तयार होतो."

"जागेचं काय ठरलं?" काकूंनी विचारलं. "तुमचा कागद मी पाहिला होता भाऊ. वहिनीनं दाखवला होता. त्यात डावीकडची जागा होती."

"हो. अध्यक्षांची."

"उजवीकडची मोजली का?"

मी नव्हती मोजली. सहा इंच, तीस इंच, तीस फूट, सगळं मोजलं होतं. पायऱ्यांच्या उजवीकडे मी टेप लावलाच नव्हता. तिथेही नऊ बाय अठरा आहे आणि मागे दोन फूट मोकळे आहेत. तिथे कुंड्यासुद्धा हलवाव्या लागत नाहीत. ती जागा माझ्या गाडीची आहे.

हे लिहायला मला आवडत नाही. पण तीन महिने मी ज्या लोकांना मनात हसत होतो त्यांच्या यादीत मला स्वतःला धरावं लागलं. त्यांनी न केलेलं काम निदान ढोबळ होतं. माझं तर आराखड्यासकट होतं.

"नाही मोजली," मी म्हटलं. "आणि मोजायची गरज नाही. बसते. माझी गाडी आजपासून मागे भिंतीजवळ लागेल." मग सचिवांना म्हटलं, "भाऊ, आता लिहा. जागा: आजची तारीख. आणि पुढे माझं नाव."

सचिवांचं पेन थांबलं. "नाव?"

"हो."

"रजिस्टरमध्ये?"

"तिथेच."

"पाहा बरं," ते हळूच म्हणाले, माईक बाजूला करून. "एकदा लिहिलं की खोडता येत नाही." मृत्यूच्या दाखल्यावर जिवंत माणसाचं नाव लिहायला लावल्यासारखं त्यांनी ते लिहिलं. त्या रजिस्टरात ठरावासमोर आलेलं ते पहिलं नाव.

दुसऱ्या ओळीला मी कुणाचं नाव सुचवलं नाही. एवढंच विचारलं, "ठेकेदार कुणाच्या ओळखीचा आहे?" सतरा घरांना ते माहीत होतं. अध्यक्षांनी घसा साफ केला. माझी गाडी उन्हात गेली होती आणि त्यांची सावलीत राहिली होती, तेव्हा एक फोन करायला त्यांना जड जायला नको होतं. तरी तारीख सांगायला त्यांनी बराच वेळ घेतला. "बुधवार लिहा," शेवटी म्हणाले. तिसरी ओळ देखरेखीची. कोषाध्यक्ष म्हणाले, "मीच पाहतो. पोहे पण मीच पाहतो." त्यावर सगळे हसले आणि त्यांनी तारीखही दिली.

गुरुवारी सकाळी मी अध्यक्षांना एकच निरोप पाठवला. "नमस्कार. काल बुधवार होता. ठेकेदाराशी बोलणं झालं का, की मी करू?" मे महिन्यातला निरोप याच्या तिप्पट लांबीचा आणि तिप्पट गोड होता. या वेळी हात जोडलेलं चित्र आलं नाही. वीस मिनिटांत फोन आला: "केला जी, केला. उद्या येऊन राहिला तो." तोच माणूस, तेच काम. फक्त वहीत त्याचं नाव होतं आणि बुधवार होऊन गेला होता.

एकोणीस दिवसांत रॅम्प झाला. सिमेंट, खरबरीत लाद्या, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. ज्या कामाला एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत सहा महिने पुरले नाहीत ते एकोणीस दिवसांत झालं, आणि त्यातले तीन दिवस सिमेंटवर पाणी मारण्यात गेले. उद्घाटनाला अध्यक्षांनी नारळ फोडला आणि भाषण केलं. त्यात ते म्हणाले की मनात आणलं तर काहीही होतं.

पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं गेलं: "रॅम्पचे काम पूर्ण करण्यात आले. संबंधितांचे आभार मानण्यात आले." त्याखाली कायम केल्याची सही मीही केली. टाकीच्या झाकणाचं त्या सभेत सहाव्यांदा ठरलं. मी त्यासमोर नाव विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून आता ते माझ्याकडे आहे.

डायरीच्या मागच्या पानावर सप्टेंबरपर्यंत अठ्ठेचाळीस खुणा आहेत. एकोणीस बरोबरच्या, एकोणतीस फुल्या. सेंटरच्या मुलीनं काकूंना सांगितलं की पाय सुधारेल, काठीनं चालतील कदाचित. बोटांचं आता फारसं नाही. काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

रॅम्पवरून पहिल्या मंगळवारी सर निघाले तेव्हा मी गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन थांबलो होतो. उचलायला कुणी लागत नव्हतं, तरी थांबलो होतो. काकूंनी एकट्यानं खुर्ची लिफ्टबाहेर काढली आणि उताराच्या तोंडाशी आणली. सरांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. खाली पाहिलं, वळणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उतार?" त्यांना एवढा एक शब्द काढायला वेळ लागला.

"बारास एक, सर."

त्यांनी पुन्हा पाहिलं, विद्यार्थ्याचं गणित तपासावं तसं. मग मान हलवली. काकूंनी खुर्ची सोडली नाही, पण ओढावीही लागली नाही. खाली रिक्षा उभी होती. तिच्या पलीकडे, भिंतीजवळच्या उन्हात, माझी गाडी तापत होती.